काळ्या दगडाच्या मंदिरावर रात्रीचा उजेड: आधी कोन ठरवा, मग दिवा

प्रश्न: आमच्या गावात यादवकालीन शिवमंदिर आहे. काळा दगड, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी, दिक्पाल, खाली वेलबुट्टीचे थर. राज्य संरक्षित स्मारक आहे. समितीने प्रकाशयोजनेचं कोटेशन मागवलं, तर ठेकेदाराने १०० वॅटचे १२ एलईडी फ्लड, ६५०० केल्विन, असं सुचवलं. नमुन्याला दोन लावून बघितले. मंदिर पांढरंफटक दिसतं पण मूर्ती काही उठून दिसत नाहीत, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि पहिल्या पावसानंतर दिव्याखाली किड्यांचा खच पडला. कोणते दिवे घ्यावेत, किती आणि कुठे लावावेत?

उत्तर:

कोटेशन बाजूला ठेवा आणि एक दिवस दुपारभर मंदिराच्या मागे जाऊन बसा. मंदिर पूर्वाभिमुख आहे असं धरते. पाठीमागची पश्चिमेची भिंत दुपारी दीड-दोनला बघा, मग तीच भिंत पाचला बघा. दीड-दोनला ऊन वरून भिंतीला जवळजवळ घासून खाली येतं आणि सुरसुंदरीच्या गळ्यातल्या माळेचा एकेक मणी मोजता येतो. पाचला सूर्य भिंतीच्या बऱ्यापैकी समोर येतो, उजेड भरपूर असतो, पण मूर्ती भिंतीत परत गेल्यासारख्या दिसतात. सिन्नरच्या गोंदेश्वराला जाऊन हा खेळ मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि नवीन मुलं हाताखाली आली की त्यांना आधी तिथेच नेते. तुमच्या दोन फ्लडनी नेमकं पाच वाजताचं ऊन पाडलं. फरक इतकाच, की ते खालून पाडलं आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांतही पाडलं.

कोरीव काम दिसतं ते सावलीमुळे, आणि सावलीची लांबी उजेड भिंतीशी किती अंशाचा कोन करतो त्यावर ठरते. तुमच्या वेलबुट्टीची खोली दोनेक सेंटिमीटर असेल. दिवा समोरून, म्हणजे भिंतीशी ७५-८० अंशांनी मारला तर तिची सावली जेमतेम अर्धा सेंटिमीटर पडते. ४५ अंशांवर सावली खोलीइतकीच, म्हणजे दोन सेंटिमीटर. १५ अंशांवर आणला की तीच सावली साडेसात सेंटिमीटर होते आणि वेल सरसरून वर येते. मग सगळीकडेच १५ अंश का ठेवू नयेत? कारण जंघेवरच्या, म्हणजे भिंतीच्या मधल्या पट्ट्यातल्या मूर्ती वेलबुट्टीसारख्या उथळ नसतात. त्या भिंतीतून १५-२० सेंटिमीटर पुढे आलेल्या असतात. इतक्या उठावाच्या मूर्तीवर १० अंशांनी घासून उजेड टाकला तर तिची सावली ८५ ते ११० सेंटिमीटर लांब पडते, शेजारची मूर्ती गिळून टाकते. अशा मूर्तींना ३० ते ४० अंश लागतात. म्हणून एकाच भिंतीवर दोन वेगळे कोन हवे असतात: खालच्या उथळ थरांना निमुळता, मूर्तींना जरा उघडा.

दुसरी गोष्ट दिशेची. जवळजवळ सगळे ठेकेदार दिवा जमिनीवर ठेवून वर मारतात, कारण ते सोपं असतं. मूर्तिकाराने मात्र मूर्ती घडवली ती वरून पडणाऱ्या उन्हासाठी. भुवईची सावली डोळ्यावर, हनुवटीची गळ्यावर, स्तनांखाली, मेखलेखाली. खालून उजेड आला की हे सगळं उलटं होतं. नाकाची सावली कपाळावर चढते, डोळ्यांच्या खोबणी खालून उजळतात. जोत्याच्या आडव्या थरांचंही तेच होतं, ज्या कडेवर ऊन पडायचं तिथे अंधार आणि जिथे सावली असायची तिथे झळाळी. दगड उलटा लावल्यासारखा वाटतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, करून बसले आहे म्हणून सांगते. सुरुवातीच्या काळात एका देवस्थानासाठी मी ७० वॅटचे चार मेटल हॅलाइड दिवे मंदिराच्या पायाशी बसवले होते. चारही कोपऱ्यांतून, वर तोंड करून. उद्घाटनाला टाळ्या पडल्या, फोटो निघाले. आठवडाभराने गेले तर तिथले गुरवबाबा म्हणाले, “ताई, दिवसा बाई दिसते, रात्री चेटकीण.” खरंच दिसत होती. चारही बाजूंनी सारखाच उजेड असल्यामुळे एका दिव्याने पाडलेली सावली समोरचा दिवा पुसून टाकत होता, आणि उरलेली तेवढी खालून वर जाणारी. गुरवबाबांनी मग मला सकाळचं सूप दाखवलं, दिव्यांच्या काचेवरून आणि आसपासच्या फरशीवरून झाडून काढलेल्या किड्यांनी अर्धं भरलेलं. दिव्याच्या मागे पाली बसायला लागल्या होत्या. मूर्तींच्या हातांच्या बेचक्यांत कोळ्यांनी जाळी विणली होती, जाळ्यांत धूळ अडकली होती, आणि ती काढायला कोणीतरी खराटा वापरत होतं. आठशे वर्षांच्या नाकाडोळ्यांवर खराटा. किड्यांचा प्रश्न निव्वळ त्रासाचा नसतो, तो असा दगडापर्यंत पोहोचतो. ते दिवे मी स्वखर्चाने काढले.

किडे दिव्याकडे का येतात हे तुमच्या गावातल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. हुमणीचे भुंगेरे पकडायला पहिल्या पावसानंतर प्रकाश सापळा लावतात: दिवा, खाली टोपलीत रॉकेल मिसळलेलं पाणी. तुम्ही मंदिराला बारा प्रकाश सापळे लावताय, एवढंच. आता नेमकं कारण. किड्यांच्या डोळ्यांना अतिनील आणि निळा उजेड सगळ्यांत जास्त दिसतो, पिवळा-नारिंगी कमी. एलईडीत अतिनील जवळजवळ नसतो, पण पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळाच दिवा असतो आणि त्यावर पिवळा लेप. लेप पातळ असला की उजेड ६५०० केल्विनचा, थंड पांढरा, निळ्याने भरलेला. लेप जाड असला की २७०० किंवा २२०० केल्विन, उबदार, निळा बराचसा गिळलेला. ४००० केल्विनच्या दिव्यात निळ्याचा वाटा २७०० च्या जवळपास दुप्पट असतो. ६५०० त्याच्याही पुढे.

पण रंगाइतकीच दिशाही महत्त्वाची आहे, आणि ही गोष्ट आमच्या धंद्यातही अजून फारशी पोचलेली नाही. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याजवळच्या किड्यांचं उडणं टिपलं. किडा दिव्याकडे ओढला जातो असं आपण म्हणतो, पण कॅमेऱ्यात दिसलं ते असं, की किडा आपली पाठ दिव्याकडे वळवतो. हजारो पिढ्या उजेडाची बाजू म्हणजे वर, आकाश. पाठ उजेडाकडे ठेवली की तोल सरळ राहतो. दिवा बाजूला असेल तर तो त्याच्याभोवती गोल गोल कलत फिरत राहतो. आणि दिवा खाली, वर तोंड करून असेल, तर त्याच्यावरून जाणारा किडा चक्क उलटा होतो आणि खाली कोसळतो. सूप अर्धं का भरलं होतं याचा उलगडा मला इतक्या वर्षांनी तेव्हा झाला. म्हणजे जमिनीतून वर मारलेला दिवा मूर्तीचा चेहराही बिघडवतो आणि किड्यांनाही सगळ्यांत वाईट. दोन्हींचा उपाय एकच: दिवा उंचावर न्या आणि आडवा किंवा किंचित खाली तोंड करून लावा.

आता किती उजेड? इथे काळा दगड लोकांना फसवतो. बेसॉल्ट पडलेला बहुतेक उजेड पिऊन टाकतो, म्हणून ठेकेदार म्हणतो की वॅट वाढवा. तुमचा दगड किती पितो ते मोजणं सोपं आहे. छायाचित्रकारांचं करडं कार्ड मिळतं, ते पडणाऱ्या उजेडाचा १८ टक्के भाग परत फेकतं. ते ढगाळ दिवशी दगडाला टेकवून न ठेवता शेजारी धरा आणि स्पॉट मीटरिंग असलेल्या कॅमेऱ्याने आधी कार्ड, मग दगड मोजा. दगड एक स्टॉप काळा निघाला, म्हणजे कार्डाच्या निम्मा उजेड देत असला, तर तो ९ टक्के परत फेकतो. शेवाळ, दगडफूल, चुन्याचे जुने डाग असतील तिथे आकडा वेगळा येईल, पाच-सहा ठिकाणी घ्या. तुमचा साधारण १० टक्क्यांच्या आसपास येईल असं धरून पुढचा हिशेब करते.

भिंतीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात. १० टक्क्यांच्या दगडावर २० लक्स पाडले तर डोळ्याला मिळणारी चमक येते ०.६ कँडेला प्रति चौरस मीटरच्या जरा वर. शहरातल्या झगमगाटात हे काहीच नाही. पण गावात, शेताच्या कडेला, जिथे पौर्णिमेचं चांदणंसुद्धा पाव लक्सच्या आसपास असतं, तिथे डोळा अंधाराला सरावलेला असतो आणि २० लक्स भरपूर होतात. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या उपद्रवी प्रकाशावरच्या मार्गदर्शिकेत ग्रामीण वस्तीच्या भागातल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीला सरासरी ५ कँडेला प्रति चौरस मीटरची कमाल मर्यादा आहे. तिच्यापेक्षा आपण पुष्कळ खाली आहोत, आणि खालीच राहायचं आहे. दीपमाळेवरच्या पणत्यांचा उजेड आठवा. तो साधारण १९०० केल्विनचा असतो आणि मोजला तर जेमतेम भरेल, तरी त्रिपुरीला मंदिर अंधारात आहे असं कोणी म्हणत नाही.

आता तुमची पश्चिम भिंत घेऊ. फोटो नाही, म्हणून मापं मी गृहीत धरते: रुंदी नऊ मीटर, मूर्तींचा पट्टा दोन ते साडेचार मीटर उंचीवर, शिखर बारा मीटर. एक बारीक खांब नैऋत्य कोपऱ्याच्या बाहेर, भिंतीच्या रेषेपासून तीनेक मीटर दूर, चार-साडेचार मीटर उंच. त्यावरून दिवा भिंतीच्या कडेने उत्तरेकडे, किंचित खाली. दिव्यापासून मधल्या मूर्तीचं अंतर पाच मीटर आणि उजेडाचा भिंतीशी कोन ३५ अंश, असं धरू. हवा असलेला उजेड गुणिले अंतराचा वर्ग, भागिले कोनाचा साइन: २० गुणिले २५, भागिले ०.५७. उत्तर ८७७, म्हणजे नऊशे कँडेलाचा दिवा. कँडेला म्हणजे दिवा एका दिशेला किती जोरात उजेड फेकतो ते, आणि ल्युमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून किती ते. ३६ अंशांचा झोत असलेला साधा पाच-सहा वॅटचा, ५०० ल्युमेनचा दिवा एवढं देतो. पाच-सहा वॅट! तुमच्या कोटेशनमध्ये या जागी १०० वॅटचा फ्लड आहे. तो १२,००० ल्युमेन टाकतो, पण १२० अंशांत पसरून, म्हणजे थोडा भिंतीवर, थोडा आभाळात, थोडा रस्त्यावर आणि उरलेला पाहणाऱ्याच्या डोळ्यांत.

एक अडचण लगेच येईल. कोपऱ्यातून कडेने मारलेला उजेड जवळच्या मूर्तीवर भगभगीत आणि लांबच्या मूर्तीवर मंद पडतो. अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्शावर येतो. नवशिका माणूस यावर उपाय म्हणून दुसऱ्या कोपऱ्यातून समोरासमोर तसाच दिवा लावतो, आणि सावल्या मरतात. तसं करू नका. पहिल्या दिव्याच्या झोताचा मध्य लांबच्या मूर्तीवर धरा, म्हणजे जवळच्या मूर्तीला झोताची मंद कड मिळते. तरी कमी पडलं तर त्याच बाजूने, त्याच दिशेने मारणारा दुसरा दिवा भिंतीच्या मध्यावर आणा. समोरच्या बाजूने फक्त पाव भाग उजेड द्यायचा, पाच लक्स, सावलीत अगदी डांबर ओतल्यासारखं दिसू नये इतकाच. पुष्कळदा फरशीवरून परतणारा उजेडच तेवढं काम करतो, आणि मग तो दिवा लागतही नाही. उत्तरेची आणि दक्षिणेची भिंत याच पद्धतीने, पण एका गोष्टीचं भान ठेवा: तिन्ही भिंतींवर उजेड प्रदक्षिणेच्या एकाच वळणाने यावा, म्हणजे चालणाऱ्याला कोपऱ्यावर गोंधळ वाटत नाही.

शिखराबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. शिखर पूर्ण उजळू नये. शिखर वरून उजळायचं तर त्याच्यापेक्षा उंच खांब हवेत, ते अर्थातच नको, म्हणजे तिथे उजेड खालून वरच जाणार. गोंदेश्वरासारखं भूमिज शिखर असेल, छोट्या शिखरांच्या माळा एकावर एक रचलेलं, तर एका बाजूने आठ-दहा लक्सचा अरुंद, १० ते १२ अंशांचा झोत पुरतो. तो प्राकाराच्या भिंतीआडून मारा आणि शिखराचा वरचा तिसरा हिस्सा अंधारात विरू द्या. झोताची कड शिखराच्या बाहेर गेली की ती सरळ आभाळात जाते. पावसाळ्यात ती वाट तुम्हाला स्पष्ट दिसेल, कारण तिच्यात किडे चमकतात.

सगळं मिळून तीन भिंती आणि खालचे थर धरून पाचशे ल्युमेनचे दहा दिवे, शिखराला नऊशेचे चार, मंडपाच्या पायऱ्यांना दोनशेचे दोन. बेरीज नऊ हजार ल्युमेन. कोटेशनमधली बेरीज एक लाख चव्वेचाळीस हजार होते. आपण सोळावा हिस्सा वापरतोय आणि मूर्ती जास्त दिसतात. किडे कमी व्हायचं सगळ्यांत मोठं कारणही हेच, रंग त्याच्यानंतर येतो.

रंग आता ठरवा. मी तुमच्या जागी सगळीकडे २२०० केल्विन घेईन. यात तोटा आहे आणि तो समितीला आधीच सांगून ठेवा: बेसॉल्टची निळसर करडी छटा जाते, दगड तपकिरी दिसतो. कोणी हरकत घेतली तर मूर्तींच्या पट्ट्यापुरते २७०० घ्या, बाकी २२०० ठेवा. ३००० च्या वर काहीच नको. निव्वळ अंबर एलईडी किड्यांना आणखी कमी खेचतो, पण त्यात दगडाचा रंगच कळत नाही, सगळं एकाच पिवळ्या रंगात बुडतं. नदीकाठी किंवा वटवाघळांची वस्ती असेल तिथेच मी तो वापरते. रंग बदलणारे दिवे समितीतला कोणीतरी नक्की मागेल, १५ ऑगस्टला तिरंगा करायला. त्यातला निळा दिवा म्हणजे प्रकाश सापळ्याचाच दिवा. एका रात्रीसाठी भाड्याने आणा, खांबावर कायमचे लावू नका.

दिपवण्याबद्दल. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला नऊशे कँडेलाचा दिवासुद्धा टोचतो, म्हणून पाहणाऱ्याला दिव्याची काच कधीच दिसता कामा नये. त्याला उपाय नळीचा. काचेचा व्यास पाच सेंटिमीटर असेल तर पुढे दहा सेंटिमीटरची, आतून मॅट काळी नळी लावा. झोताच्या मध्यापासून २७ अंशांच्या पलीकडे उभ्या माणसाला काच पूर्ण झाकलेली राहते, झोताचा मध्य तसाच राहतो, ३६ अंशांच्या झोताची कड मात्र बरीच मंद होते. कॅटलॉगमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळीही दाखवतात. ती जास्त चांगलं काम करते, पण आपल्या धुळीत दोन महिन्यांत भरते. नळीचाही एक शत्रू आहे, कुंभारीण. ती माशी आत मातीचं घर बांधते आणि दिवा मुका होतो. म्हणून नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा, पाणी निघायला तळाशी फट ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बोट घालून बघा.

दिपतं की नाही हे ओळखायची चाचणी साधी आहे, मीटर लागत नाही. भक्त जिथे उभे राहतात तिथे उभे राहा, मूर्तीकडे बघा, आणि हात वर करून फक्त दिवा झाका. हात धरल्यावर मूर्ती जास्त स्पष्ट झाली तर दिवा दिपवतोय. ही चाचणी प्रदक्षिणेच्या वाटेवर दर चार पावलांवर करा, एकदा लहान मुलाच्या उंचीवर वाकूनही करा. पावसाळ्यात पुन्हा करा, कारण ओला बेसॉल्ट आरशासारखा होतो. बाजूने आलेला उजेड ओल्या भिंतीवरून समोरच्या माणसाकडे न येता पुढे घसरत जातो, आणि लांबच्या कोपऱ्यावर उभा असलेला माणूस त्यात सापडतो. आपल्या मांडणीत वायव्य कोपरा तपासावा लागेल.

आता खरेदीच्या आधी तीन रात्री चाचणी घ्या, अमावास्येच्या आसपास. बॅटरीवर चालणारे दोन-तीन छोटे दिवे, एक घोडा किंवा शिडी आणि लक्समीटर एवढंच सामान. एक माणूस दिवा धरतो, दुसरा मूर्तीसमोर उभा राहून सांगतो. “जरा डावीकडे, वर, अजून, थांब.” जागा सापडली की जमिनीवर फक्कीने खूण करा, दगडावर खडूसुद्धा नको. फोटो काढायचेच तर मोबाइलचं एक्स्पोजर कुलूप लावून काढा, नाहीतर मोबाइल प्रत्येक फोटो आपल्या मनाने उजळवतो आणि तुलना खोटी होते. समितीला तिथेच बोलवा. मी अनेकदा ठेकेदाराचा फ्लड एका बाजूला आणि सहा वॅटचा दिवा दुसऱ्या बाजूला लावून दाखवला आहे; त्यानंतर वाद फारसा राहत नाही.

किड्यांचीही तुलना करता येते. दोन दिवे वीसेक पावलांवर लावा, खाली साबणाच्या पाण्याची परात, पाऊण तास ठेवा, मग दिव्यांच्या जागा बदलून आणखी पाऊण तास. जागा बदलणं महत्त्वाचं, कारण झाडाजवळच्या दिव्याला मुळातच जास्त किडे येतात. पावसानंतरची उकाड्याची, वारा नसलेली संध्याकाळ निवडा; थंडीत केली तर दोन्ही पराती रिकाम्या राहतील.

बसवण्याचं थोडक्यात सांगते. राज्य संरक्षित असल्यामुळे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची लेखी परवानगी लागेल. अर्जासोबत खांबांच्या जागा, केबलची वाट आणि चाचणीचे फोटो द्या. दगडाला एकही भोक पडता कामा नये. जोत्यात ठोकलेला लोखंडी बोल्ट गंजून फुगतो आणि काही वर्षांनी दगडाची कपची उडवतो, हे मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. खांब जमिनीवर ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभे करा, खणू नका, कारण मंदिराभोवतीच्या जमिनीतही जुनं काही असू शकतं. केबल प्राकाराच्या कडेने पाइपातून जमिनीवरूनच न्या. पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर आणि विजेच्या लाटेपासूनचं संरक्षण हे दोन्ही घ्याच. ओल्या फरशीवर लोक अनवाणी चालतात. ठेकेदाराकडून प्रत्येक दिव्याची `.ies` फाईल मागा, तिच्यात दिव्याचा उजेड कोणत्या दिशेला किती जातो ते असतं. ती त्याला देता आली नाही तर त्याचा झोत नक्की किती अंशांचा आहे हे त्यालाही माहीत नाही असं समजा. कोटेशनमध्ये वॅट न लिहिता ल्युमेन, झोताचा कोन, केल्विन आणि नळी लिहून घ्या, म्हणजे ऐनवेळी दिवा बदलला तर पकडता येतो.

वायरिंग तीन वेगळ्या फेजांचं नव्हे, तीन वेगळ्या स्विचांचं करा: पायऱ्या, भिंती, शिखर. मंडपात किंवा गाभाऱ्यात वटवाघळं असतील तर ती सूर्यास्तानंतर लगेच बाहेर पडतात, म्हणून भिंतींचे दिवे सूर्यास्तानंतर पाऊण तासाने लागू द्या आणि मंडपाच्या दारावर झोत नको. शेजारती झाली की शिखर आणि भिंती बंद, पायऱ्यांचा एक दिवा पुरे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर वाळवीचे पंखवाले किडे निघतात त्या दोन-चार संध्याकाळी सगळंच बंद ठेवायचं, हे गुरवांना सांगून ठेवा. टायमरला ते कळणार नाही, गुरवांना दुपारीच आभाळ बघून कळतं.

आणि दिव्यांचा कोन एकदा जमला की प्रत्येक ब्रॅकेटवर छिन्नीने बारीक रेघ मारून घ्या, ब्रॅकेटच्या दोन्ही भागांवरून जाणारी. पहिल्या वाऱ्यापावसात किंवा कोणी माकड लटकलं की दिवा हलतो, साफ करणारा माणूस तो अंदाजाने परत फिरवतो आणि महिनाभराने तुम्ही म्हणता की मूर्ती पूर्वीसारख्या दिसत नाहीत. रेघ जुळवली की झालं. खांबांच्या जागा नक्की झाल्या की भिंतींची खरी मापं आणि दगडाचे आकडे कळवा, ८७७ चा हिशेब तुमच्या मापांनी पुन्हा करून देते.